भाजलेली कॉफी फ्रीजरमध्ये ठेवायची तर पुडी केवढी करायची?

आपल्याकडे विदर्भात खेड्यात ताजी भाजलेली कॉफी मिळत नाही. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, पण म्हणून परतवाड्याच्या किराणा दुकानात भाजलेले दाणे मिळतात असं नाही. दुकानात इन्स्टंटची पाकिटं असतात, फार तर चिकोरी घातलेली फिल्टर पावडर. दाणे हवे असतील तर चिकमगळूर, कूर्ग किंवा पुण्यामुंबईच्या एखाद्या कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरकडून मागवायचे. कुरिअर बहुतेक वेळा तालुक्याच्या ठिकाणापर्यंतच येतं, मग कुणीतरी बाजाराच्या दिवशी ते घेऊन येतं. दर आठवड्याला पाव किलो मागवणं अशाने परवडत नाही, म्हणून माणूस एकदम किलोभर मागवतो. घरात कॉफी पिणारा एकच असेल तर तो किलो दोन महिने पुरतो. अडचण अशी की कॉफी स्वतः दोन महिने टिकत नाही, आणि वैशाखात तर नाहीच नाही.

यावर उपाय फ्रीजर. पण फ्रीजरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, फ्रीजरमध्ये कॉफी खराब होते, तिकडे नेऊच नका. दुसरा अख्खं पाकीट फ्रीजरमध्ये टाकतो आणि रोज त्यातून चमचाभर काढतो. पहिल्याचं मत बहुतेक वेळा दुसऱ्याची कॉफी पिऊन झालेलं असतं. थंडीने दाण्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते थंड दाण्यांवर बाहेरची हवा लागली की, आणि ते टाळता येतं की नाही हे पुडीच्या आकारावर ठरतं.

दाणे शिळे होतात म्हणजे काय

भाजताना दाण्याच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन अडकून राहतो. भाजल्यानंतर तो हळूहळू बाहेर पडतो, सुरुवातीचे दिवस जास्त वेगाने. त्याच्याबरोबर सुगंधाची हलकी द्रव्यंही उडून जातात. दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन आत शिरतो आणि दाण्यातल्या तेलाला व सुगंधी द्रव्यांना लागतो. अरेबिका दाण्यात वजनाच्या साधारण १५ टक्के तेल असतं. तेल हवा लागून खवट होतं, हे शेंगदाणे आणि जवस साठवणाऱ्या आपल्या लोकांना सांगायला नको.

हे सगळे बदल उष्णतेने वाढतात. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होतात. मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. बेंगळुरूच्या २५ अंशांच्या घरासाठी पाकिटावर लिहिलेली मुदत आपल्या खोलीत लागू पडत नाही, कारण इथे वेगच दोन-तीन पट झालेला असतो. आता तोच नियम उलट्या दिशेने लावा. ४० अंशांवरून उणे १८ वर गेलं की सुमारे सहा वेळा निम्मं करायचं, म्हणजे वेग साठाव्या भागाच्या आसपास येतो. प्रत्यक्षात सगळ्या क्रिया इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत, त्यामुळे हा आकडा धरून बसू नये. पण फरक किती मोठा आहे ते त्यातून कळतं.

भाजी गोठवली की मऊ पडते, मग कॉफी का नाही? भाजीत ८०-९० टक्के पाणी असतं. त्याचा बर्फ होताना पेशी फाटतात. भाजलेल्या दाण्यात पाणी असतं जेमतेम २-३ टक्के. तिथे बर्फ व्हायला पाणीच नाही. त्यामुळे दाणा फ्रीजरमध्ये नुसता थंड होतो, त्याच्या आत फाटाफाट होत नाही. हेच कोरडेपण मात्र त्याला पाण्यासाठी हपापलेला बनवतं. संधी मिळाली की तो हवेतली ओल शोषून घेतो.

ओल येते कुठून

श्रावणात फ्रिजमधून स्टीलचा गडू काढून ओट्यावर ठेवला की दोन मिनिटांत बाहेरून थेंब धरतात. ते पाणी गडवातून झिरपलेलं नसतं. (माठाचं पाणी झिरपतं, तो प्रकार वेगळा.) हवेत वाफेच्या रूपात असलेलं पाणी थंड धातूला लागून थेंब झालेलं असतं. हवा ज्या तापमानाला अशी पाणी सोडायला लागते त्याला दवबिंदू म्हणतात. वस्तू दवबिंदूपेक्षा थंड असेल तर तिच्यावर पाणी बसणारच.

जुलैत आपल्याकडे २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एक घनमीटर हवेत तेव्हा सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू ११-१२ अंशांवर उतरतो आणि घनमीटरमागे पाणी ९-१० ग्रॅमच राहतं. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यातही उणे १८ अंशांच्या दाण्यांवर पाणी बसतं, फक्त पावसाळ्याच्या निम्म्याहून कमी.

इथे एक गोष्ट आपल्याकडचीच आहे आणि बाहेरच्या माहितीत ती सहसा सापडत नाही. आपला मे महिना अंगणात कोरडा असतो, घरात नाही. खिडकीत कूलर चालू असतो. ओल्या वाळ्यातून नाहीतर गवताच्या पॅडमधून आलेली हवा २८ अंशांची असली तरी पाण्याने भरलेली असते. घनमीटरमागे २० ग्रॅमच्या जवळपास. कूलरसमोरच्या खोलीत तुम्ही पुडी उघडता तेव्हा कॉफीच्या दृष्टीने आषाढच चालू असतो. म्हणून पुड्या बांधायच्या असोत की उघडायच्या, कूलरची हवा येते त्या खोलीत ते काम करू नये.

आता हे पाणी दाण्यांच्या हिशोबाने किती होतं ते पाहू. पावसाळ्यात फ्रीजरमधून काढलेले १०० ग्रॅम दाणे ताटात पसरून गरम होऊ दिले, तर माझ्या अंदाजाने त्यांच्यावर एक-दीड ग्रॅम पाणी बसतं. ऐकायला कमी वाटतं. पण त्या १०० ग्रॅम दाण्यांत मुळात पाणीच दोन-तीन ग्रॅम होतं. म्हणजे आतली ओल दीडपट झाली, आणि तीही सगळी वरच्या थरावर. त्या ओलीत सुगंधाचा काही भाग तिथल्या तिथे विरघळतो, आणि पुढे कॉफी फार लवकर शिळी पडते.

तेच १०० ग्रॅम दाणे बंद पुडीत असतील तर? पुडीत दाण्यांच्या फटींमध्ये समजा १०० मिलिलीटर हवा आहे. त्या हवेत पावसाळ्यातही पाणी असतं फक्त दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं दाण्यांवर बसलं तरी काही बिघडत नाही. थेंब धरतात ते पुडीच्या बाहेरच्या अंगाला, आणि ते फडक्याने पुसता येतात. एकीकडे दीड ग्रॅम, दुसरीकडे दोन मिलिग्रॅम. तेच दाणे आणि तोच फ्रीजर असताना इतका फरक पुडी थंड असताना उघडली की नाही यावरून पडतो.

मोठ्या डब्याची गोम इथेच आहे. किलोभर दाण्यांचा डबा रोज सकाळी बाहेर काढला, झाकण उघडलं, चमचा घातला, दूध उतू जातंय म्हणून तसाच ठेवून गॅसकडे धावलं, मग परत झाकण लावून फ्रीजरमध्ये. प्रत्येक वेळी थोडी ओली हवा आत गेली आणि वरच्या दाण्यांवर बसली. प्रत्येक वेळी नवा ऑक्सिजन मिळाला. दोन महिन्यांनी डब्याच्या तळाचे दाणे काढायची वेळ येते तेव्हा त्यांनी हे साठ वेळा सोसलेलं असतं. अशी कॉफी पिऊन कुणी फ्रीजरला नावं ठेवली तर त्याचं चुकलं कुठे?

पुडी कशाची आणि केवढी

नियम एकच आहे, आणि बाकी सगळं त्यातून निघतं: फ्रीजरमधली पुडी एकदाच उघडायची, आणि उघडलेली पुडी परत फ्रीजरमध्ये जात नाही. त्यामुळे पुडीत तेवढेच दाणे हवेत जेवढे तुम्ही एका दमात संपवणार. हे दोन प्रकारे जमतं. एक, एका कपाची पुडी, साधारण १५ ग्रॅम, पाव लिटरभर पाण्यासाठी. ती थंड असतानाच उघडून लगेच दळायची. दोन, आठवड्याची पुडी, सुमारे १०० ग्रॅम. ती बंद असतानाच पूर्ण गरम होऊ द्यायची, मग उघडायची आणि बाहेरच ठेवून आठवड्यात संपवायची.

पुडीच्या कागदाबद्दल लोक चुकतात. आपल्या घरात असते ती साधी पॉलिथिनची पिशवी पाणी बऱ्यापैकी अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून बराच जातो, आणि वासही जातो. फ्रीजरमध्ये शेजारी सावजी मसाल्याचं मटण किंवा सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी असेल तर दोन आठवड्यांत कॉफीला त्याची खबर लागते. आतून चकचकीत फॉइलचं अस्तर असलेली पाकिटं घ्यावीत. ती बाजारात मसाल्याच्या पॅकिंगसाठी विकायला असतात. बंद करायला गावातल्या बचत गटाचं सीलिंग मशीन चालतं, जे पापड-मसाल्याच्या पाकिटांसाठी वापरतात. पाकिटातली हवा हाताने दाबून काढून मग सील मारायचं. व्हॅक्यूम मशीन असेल तर उत्तम, पण नसल्यामुळे अडून राहायची गरज नाही.

एका कपासाठी घट्ट झाकणाच्या छोट्या प्लास्टिकच्या किंवा काचेच्या नळ्याही चालतात. ५० मिलिलीटरच्या नळीत १५ ग्रॅम दाणे बसून थोडी जागा उरते. झाकणाला आतून रबर किंवा फोमची चकती आहे ना तेवढं पाहावं. रोस्टरकडून आलेल्या पाकिटावर छोटी गोल झडप असते. ती आतला वायू बाहेर सोडण्यासाठी असते. पण फ्रीजरमध्ये आतली हवा आकसली की काही झडपा बाहेरची हवा आत घेतात. मूळ पाकीट न उघडता तसंच गोठवणार असाल तर झडपेवर चांगली चिकटपट्टी मारा.

सील पक्कं आहे की नाही हे बघायची जुनीच युक्ती आहे. पुडी पाण्याच्या टोपात बुडवून हलकेच दाबायची. बुडबुडे आले तर सील परत मारायचं. दाणे भरून सगळ्या पुड्या बुडवण्याआधी एका रिकाम्या, हवा भरून सील केलेल्या पुडीवर मशीनची परीक्षा घ्यावी.

एका किलोचा हिशोब

समजा यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावातले शिक्षक आहेत. सकाळी एक कप कॉफी त्यांची, बाकी घर चहाचं. दाणे १० मे रोजी भाजले, १५ मे रोजी घरी आले. ते लगेच फ्रीजरमध्ये टाकू नयेत. ताज्या भाजलेल्या दाण्यांत वायू इतका असतो की कॉफी करताना तो पाण्याला दाण्यात नीट शिरू देत नाही, आणि चव अर्धीकच्ची लागते. फ्रीजरमध्ये वायू सुटणं जवळपास थांबतं, त्यामुळे ज्या अवस्थेत ठेवले त्याच अवस्थेत ते बाहेर येतात. म्हणून आधी मुरू द्यायचे आणि चव जमली की गोठवायचे. मध्यम भाजणीला भाजल्यापासून आठ-दहा दिवस पुरतात, गडद भाजणीला चार-सहा. हलक्या भाजणीला थंड प्रदेशात दोन आठवडेही लागतात, पण आपल्या मे महिन्यात सगळंच लवकर होतं.

शिक्षकांनी पाकीट घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, धान्याच्या कोठीमागे, बंदच ठेवलं. २० मे रोजी उघडून कप करून पाहिला. चव जमली होती. त्यांनी १६० ग्रॅम दाणे काचेच्या बरणीत रोजच्या वापरासाठी काढले, म्हणजे दहा दिवस सुटले. उरले ८४० ग्रॅम. एका कपाच्या केल्या तर त्याच्या ५६ पुड्या होतात, आठवड्याच्या केल्या तर १०५ ग्रॅमच्या आठ.

सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, एवढूशी कॉफी अन् तिले बर्फात कायले ठेवता बा?" ५६ पुड्या सील करताना तो प्रश्न शिक्षकांनाही पडला असता. म्हणून त्यांनी आठ पुड्यांचा मार्ग घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या घरासाठी तो बरोबर होता. त्यांच्याकडे मिक्सर आहे, हाताची कॉफी चक्की नाही. मिक्सरच्या भांड्यात १५ ग्रॅम दाणे थंड असताना दळले की भांडंही थंड होतं आणि पावसाळ्यात भुकटी भिंतीला चिकटून बसते. आठवड्याच्या पुडीत ही कटकट नाही.

काम त्यांनी सकाळी सहाला केलं, कूलर बंद असताना. पुड्या आधी तोलून ठेवल्या होत्या, म्हणजे दाणे ताटात पसरून पडले नाहीत. प्रत्येक पुडीवर भाजल्याची आणि गोठवल्याची अशा दोन्ही तारखा लिहिल्या. आठही पुड्या घट्ट झाकणाच्या एका डब्यात घालून डबा फ्रीजरच्या मागच्या भागात, दारापासून लांब ठेवला. हा बाहेरचा डबा वास अडवतो, आणि दार उघडझाप झाली तरी तापमान एकदम वरखाली होऊ देत नाही.

मेच्या शेवटी बरणी संपत आली तशी पहिली पुडी त्यांनी रात्री जेवणानंतर बाहेर काढली आणि न उघडता ओट्यावर ठेवली. १०० ग्रॅमची पुडी बाहेर साधारण तीन-चार तासांत खोलीच्या तापमानाला येते, रात्रभर म्हणजे भरपूर झालं. सकाळी पुडी बाहेरून कोरडी पुसली, कात्रीने कापली, दाणे बरणीत ओतले. घाई असेल तर पुडी ओठाला लावून पाहावी. गार लागली तर अजून वेळ आहे. या क्रमाने आठवी पुडी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात निघते, भाजल्याला तेव्हा सव्वादोन महिने उलटलेले असतात. मात्र उन्हाळ्यातली ती कॉफी जेमतेम चार आठवड्यांची असल्यासारखी लागते. बाहेर ठेवली असती तर जूनच्या मध्यावरच तिच्यात पुठ्ठ्याची चव आली असती.

थंडच दळायचे असतील तर

ज्याच्याकडे चांगली चक्की आहे त्याने एका कपाच्या पुड्या कराव्यात. इथे सगळा खेळ वेळेचा आहे. आधी पाणी उकळत ठेवायचं, फिल्टर मांडायचा, चक्की उघडी करून ठेवायची, आणि मग फ्रीजरचं दार उघडायचं. पुडी फोडून दाणे चक्कीत आणि भुकटी लगेच गरम पाण्याखाली, हे मिनिटभरात झालं तर १५ ग्रॅम दाण्यांवर बसणारी ओल नगण्य असते, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्यावर पाणीच ओतायचं असतं. थंड भुकटी वाटीत काढून ठेवणं मात्र नको. भुकटीचं अंग दाण्यापेक्षा कितीतरी मोठं, ती दाण्याहून फार लवकर ओल धरते.

थंड दाणे दळले की भुकटीही वेगळी येते. रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात याची मोजमापं दिली आहेत. त्यांनी खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत दाणे थंड करून दळले. जितके थंड तितकी भुकटी बारीक आणि एकसारखी आली. थंड दाणा ठिसूळ होऊन फुटतो, म्हणून असं होतं. घरच्या फ्रीजरमध्ये फरक एवढा मोठा नसतो, पण कॉफी नेहमीपेक्षा जरा कडू लागली किंवा फिल्टरमधून हळू उतरली तर चक्की एखादा खाचा जाडसर करावी.

पाहुणे आले आणि लागोपाठ पाच-सहा पुड्या थंडच दळल्या तर चक्कीची पाती गार पडतात आणि त्यांच्यावर दव धरतं. भुकटी आत चिकटू लागली की ओळखावं. तेव्हा उरलेल्या पुड्या बंदच गरम होऊ द्याव्या, आणि चक्की ब्रशने झाडून उघडी सुकवावी.

चूक झाली हे कसं कळतं

पुडीच्या आत, दाण्यांवर किंवा अस्तरावर, पांढरं बर्फाचं तुसं दिसलं तर सील गेलेलं आहे. बाहेरच्या बाजूला बर्फ असेल तर तो फ्रीजरचा, त्याची चिंता नको. ओल लागलेले दाणे हाताला किंचित चिकट लागतात, आणि भुकटी मोकळी न पडता तिच्या गोळ्या होतात. गडद भाजणीचे दाणे मुळातच तेलकट असतात, तिथे चिकटपणावरून निवाडा करू नये, वासावर जावं.

आणखी एक खूण गरम पाण्यात दिसते. भुकटीवर पहिलं पाणी ओतलं की ताज्या कॉफीला फेस येऊन ती फुगते. तो आत अडकलेला वायू. नीट गोठवलेली कॉफी दोन महिन्यांनीही अशी फुगते, कारण तिचा वायू आतच राहिलेला असतो. पाणी ओतल्यावर चिखलासारखी सपाट बसली तर वायू गेलेला आहे, आणि त्याच्यासोबत सुगंधही. पुडी वेळेत गोठवली असूनही असं झालं, तर गोठवण्याआधी ती फार उकाड्यात राहिली होती किंवा सील कच्चं होतं, हे दोनच संशय.

किती दिवस टिकते

हे फ्रीजर कोणता आहे त्यावर अवलंबून. फ्रीजरच्या दारावर तारे काढलेले असतात. वीजबचतीच्या लेबलावरचे नव्हे, बर्फाच्या कप्प्यावरचे. एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. आपल्याकडच्या एका दाराच्या जुन्या फ्रिजचा कप्पा बरेचदा उणे ६ ते उणे १० च्या आसपास असतो, आणि मे महिन्यात तेवढाही थंड राहत नाही. अशा कप्प्यात महिना-दीड महिन्याहून जास्त मी ठेवणार नाही. उणे १८ अंशांचा डीप फ्रीजर किंवा दोन दारांच्या फ्रिजचा कप्पा असेल तर फॉइलच्या पक्क्या पुडीत तीन महिने फरक जाणवत नाही म्हटलं तरी चालेल. सहा महिन्यांनी जीभ तयार असलेल्या माणसाला सुगंध थोडा बसल्यासारखा वाटतो. व्हॅक्यूम केलेली पुडी वर्षभरही पिण्याजोगी असते. गोठवताना कॉफी आधीच शिळी असेल तर यातलं काहीच लागू नाही.

फ्रिजचा साधा कप्पा, चार-पाच अंशांचा, कॉफीसाठी सगळ्यात वाईट जागा आहे. तो दिवसातून वीस वेळा उघडतो, आत ओल आणि भाज्यांचे वास असतात, आणि चार अंश हे आपल्या हवेच्या दवबिंदूपेक्षा खालीच. दाणे तिथे ठेवण्यापेक्षा घट्ट बरणीत, अंधाऱ्या थंड कोपऱ्यात ठेवलेले बरे.

राहिला विजेचा प्रश्न. आठ-आठ तास लाइट जाते तेव्हा भरलेला फ्रीजर, दार उघडलं नाही तर, बराच वेळ तग धरतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आणखी. पुडी काही तास उणे १८ वरून उणे ५ वर आली आणि परत गेली, तरी दाण्यांत बर्फच नसल्यामुळे भाजीसारखं नुकसान होत नाही. पुडी पूर्ण गरम झाली असेल, पण सील शाबूत असेल, तर ती परत गोठवायला हरकत नाही. फक्त तेवढे दिवस तिच्या आयुष्यातून वजा धरायचे. खरी काळजी घ्यायची ती एका दाराच्या फ्रिजमधला बर्फ वितळवायचं बटण दाबताना. तेव्हा कप्प्यात पाणी साचतं आणि कच्च्या सीलच्या पुड्या त्यात बसतात. बटण दाबण्याआधी डबा काढून, चादरीत गुंडाळून ठेवायचा, आणि कप्पा पुन्हा थंड झाला की परत आत.